सात अक्षरांचा पूल, सात अक्षरांचा महापौर

चीनमधल्या नानजिंग शहरात यांगत्से नदीवर एक प्रचंड दुमजली पूल आहे. वरून मोटारी धावतात, खालून रेल्वे. १९६८ साली तो वाहतुकीला खुला झाला. चिनीत त्याचं नाव 'शहर' या अर्थाच्या अक्षरासकट लिहिलं तर सात अक्षरांचं होतं: नान-जिंग-श-छांग-ज्यांग-दा-छ्याव. पहिली तीन अक्षरं म्हणजे नानजिंग शहर, पुढची दोन यांगत्से नदी आणि शेवटची दोन मोठा पूल.

आता एकही अक्षर न हलवता फक्त तोडायची जागा बदलून पाहा. पहिली दोन अक्षरं नानजिंग. तिसरं आणि चौथं एकत्र घेतलं की शब्द होतो 'महापौर', कारण चौथ्या अक्षराचा अर्थ 'लांब' असाही होतो आणि 'प्रमुख' असाही. राहिली तीन. त्यातलं ज्यांग हे चिनी लोकांचं खरंखुरं आडनाव, मग दाछ्याव हे त्या माणसाचं नाव. पूल गेला आणि त्याच्या जागी नानजिंगचे महापौर ज्यांग दाछ्याव उभे राहिले!

मोठ्याने वाचलं तर हा घोटाळा होत नाही. नदीच्या नावात चौथ्या अक्षराचा उच्चार छांग, महापौराच्या शब्दात जांग. पण कागदावर अक्षर एकच आणि चिनी लिहिताना दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. स्वल्पविराम असतात, पूर्णविराम असतात. शब्द कुठे संपला हे मात्र वाचणाऱ्याने ओळखायचं. आपल्या मोडीतही शब्द तोडून लिहीत नसत, त्यामुळे जुनी दप्तरं वाचणाऱ्यांना हे काम चांगलंच परिचयाचं आहे.

यंत्राने हे कसं करावं? सगळ्यात जुना आणि सोपा मार्ग असा: शब्दकोश हाताशी ठेवायचा, डावीकडून सुरुवात करायची, कोशात सापडेल तो सगळ्यात लांब शब्द तोडायचा आणि पुढे जायचं. हेच उजवीकडूनही करता येतं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर बहुतेक वेळा ते बरोबर असतं. वेगळी उत्तरं आली की समजायचं, इथे पाणी मुरतंय.

एक वाक्य घेऊ: पिंग-पांग-छ्यू-पाइ-माइ-वान-ल. पहिली तीन अक्षरं म्हणजे टेबल टेनिसचा चेंडू. त्यांना 'पाइ' जोडलं की होते बॅट. 'माइ' म्हणजे विकणं, 'वान-ल' म्हणजे संपलं. डावीकडून तोडणारं यंत्र बॅटपर्यंतचा लांब शब्द उचलतं आणि अर्थ लावतं, 'टेबल टेनिसच्या बॅट विकून संपल्या.' उजवीकडून येणाऱ्याला आधी 'पाइ-माइ' हा जोडशब्द सापडतो. त्याचा अर्थ लिलाव. मग वाक्य होतं, 'टेबल टेनिसच्या चेंडूंचा लिलाव आटोपला.' दोन्ही वाक्यं व्याकरणाने निर्दोष, दोन्ही अर्थपूर्ण! एक 'पाइ' अक्षर कुणाच्या पदरात पडलं, एवढाच फरक. वाक्य कितीही वेळा वाचलं तरी त्याचा निकाल त्या वाक्यात सापडत नाही.

आजची भाषांतर यंत्रं कोश धरून असे तुकडे पाडत नाहीत. अफाट मजकुरावरून ती अंदाज बांधतात, आजूबाजूची वाक्यंही विचारात घेतात आणि पुष्कळदा अचूक असतात. पण चुकतात तेव्हा चूक दिसत नाही, कारण भाषांतर सफाईदार असतं. समजा, पुलावरच्या फलकाचं भाषांतर आलं: 'नानजिंगचे महापौर ज्यांग दाछ्याव आपले स्वागत करतात.' महापौर स्वागत करतातच की! भाषेत खटकण्यासारखं काहीच नाही.

संपादकाला खटकतो तो मजकूर. हे गृहस्थ याआधी कुठे आले नव्हते, पुढेही येत नाहीत. आजूबाजूला सगळी पुलाचीच माहिती आहे आणि नेमका पुलाचाच उल्लेख इथे गायब आहे. एकदाच येऊन नाहीसा होणारा माणूस आणि जिथे असायला हवी तिथे नसलेली वस्तू, या दोन खुणा एकत्र दिसल्या की संपादक भाषांतर बाजूला ठेवून मूळ चिनी अक्षरांकडे जातो. नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवतो आणि विचारतो, हे अक्षर मागच्या शब्दाचं तर नाही ना? इथे ज्यांग मागच्या अक्षराला जोडलं की नदी मिळते, आणि शेवटची दोन अक्षरं आपोआप पूल होतात.

बॅट आणि चेंडूंच्या वाक्यात एवढ्याने भागत नाही. तिथे संपादक आधीचे-नंतरचे परिच्छेद चाळतो. दुकान, गिऱ्हाईक, नवा माल असे शब्द असतील तर बॅट; बोली, सर्वाधिक किंमत, विजेत्या खेळाडूची सही असे उल्लेख असतील तर लिलाव. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर चांगला संपादक मनाने एक अर्थ निवडून मोकळा होत नाही. तो समासात दोन्ही अर्थ लिहितो आणि मूळ लेखकाला विचारतो.