क्रीडादिनाची छायाचित्रे आणि त्यांखालील ओळी

डिसेंबर आणि जानेवारी हे महिने उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील शाळांच्या वार्षिक क्रीडा महोत्सवांचे असतात. महोत्सव पार पडला की दोन-अडीचशे छायाचित्रे संकेतस्थळाच्या दालनात चढवली जातात आणि त्यांखाली बहुधा एकच ओळ पुन:पुन्हा छापलेली दिसते : 'वार्षिक क्रीडादिनाचा एक क्षण'. आजी-आजोबा आपली नात त्या गर्दीत शोधत बसतात. दहा वर्षांनी शाळेचा अहवाल लिहिणाऱ्यालाही त्या ओळीतून काही कळत नाही. म्हणून अनेक मुले असलेल्या छायाचित्राखाली नेमकी ओळ कशी लिहावी, याविषयी आम्ही येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

छायाचित्राखालच्या ओळीचे काम चित्रात जे दिसते ते पुन्हा सांगणे नव्हे. मुले धावत आहेत हे वाचकाला दिसतेच. कोणती शर्यत, कोणता गट, प्राथमिक फेरी की अंतिम, कोणत्या दिवशी आणि कोणत्या मैदानावर, हे मात्र चित्रातून कळत नाही. तेवढेच ओळीने सांगावे. 'मुले उत्साहाने सहभागी झाली' यांसारखे वाक्य कोणत्याही चित्राखाली चालते, म्हणून ते कोणत्याच चित्राखाली नको.

ओळ लिहिण्याचे काम घरी संगणकापुढे सुरू होत नाही, ते मैदानावरच सुरू होते. प्रत्येक स्पर्धा सुरू होण्यापूर्वी स्पर्धेचे नाव, गट आणि फेरी मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पाटीचे एक छायाचित्र घ्यावे. पुढची पाटी येईपर्यंतची सारी छायाचित्रे त्या स्पर्धेची, हे मग सांगावे लागत नाही. दोन-तीन जण छायाचित्रे घेत असतील तर सकाळीच सर्वांच्या कॅमेऱ्यांची घड्याळे एका वेळेवर लावावीत. तसे न केल्यास संगणकावर छायाचित्रे वेळेनुसार लावताना लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मधूनच बक्षीस समारंभ येतो. मोबाईलवरून पाठविलेल्या छायाचित्रांविषयी विशेष सावध असावे. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या छायाचित्राचे मूळ नाव बदलते व त्यातील वेळेची नोंदही बहुधा पुसली जाते. `IMG-20251213-WA0004.jpg` अशा नावातील तारीख छायाचित्र काढल्याची असेलच असे नाही. ती फाइल पाठविल्याची किंवा मिळाल्याचीही असू शकते. म्हणून छायाचित्रे मूळ स्वरूपात, कार्डावरून किंवा केबलने, घ्यावीत.

आता सर्वांत सामान्य चुकीकडे वळू. धावण्याच्या शर्यतीचे छायाचित्र पाहून 'प्रथम क्रमांक पटकावताना' असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु छायाचित्र निकाल सांगत नाही. वळणावर सुरू होणाऱ्या शर्यतीत बाहेरच्या पट्ट्यातील मुलाला पुढून सुरुवात दिलेली असते, कारण बाहेरचे वळण लांब असते. चारशे मीटरच्या प्रमाण धावपट्टीवर पूर्ण एक फेरी पट्ट्यांतच धावायची असेल, तर लगतच्या दोन पट्ट्यांच्या प्रारंभरेषांत सात मीटरहून अधिक अंतर असते. त्यामुळे वळणावर टिपलेल्या छायाचित्रात सर्वांत पुढे दिसणारा मुलगा प्रत्यक्षात शेवटचाही असू शकतो. समाप्तीरेषेवरही छायाचित्रकार रेषेच्या अगदी सरळ रेषेत उभा नसेल, तर जवळच्या पट्ट्यातील मूल आणि दूरच्या पट्ट्यातील मूल यांचा क्रम उलटा भासतो. शिवाय प्राथमिक फेरीतील पहिला तो अंतिम विजेता असेलच असे नाही. म्हणून क्रमांक लिहायचा तर तो केवळ पंचांच्या निकालपत्रकावरून लिहावा. निकालपत्रक हाती नसेल तर 'अंतिम रेषेकडे धावताना' एवढेच लिहावे. त्यात काही उणे नाही.

समूहाच्या छायाचित्रात खरी कसोटी लागते. नावे नेहमी डावीकडून उजवीकडे द्यावीत आणि ही डावी बाजू छायाचित्र पाहणाऱ्याची असते, उभ्या मुलांची नव्हे. शिक्षक मैदानावर मुलांकडे तोंड करून नावे लिहून घेतात तेव्हा क्रम बरोबर येतो. वर्गनायकाने रांगेत उभे राहून नावे सांगितली, तर तो आपल्या डाव्या हाताकडून सुरुवात करतो आणि सारी यादी उलटी होते. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे मोबाईलचा पुढचा कॅमेरा. काही मोबाईल त्या कॅमेऱ्याचे चित्र आरशासारखे उलटे साठवतात. छातीवरचा क्रमांक किंवा गणवेशावरील अक्षरे उलटी दिसली, तर छायाचित्र उलटे आहे असे समजावे. ते आधी सरळ करून घ्यावे, मगच नावे लावावीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, आंतर-हाऊस चार बाय शंभर मीटर रिले शर्यतीतील विजयी संघाचे छायाचित्र आहे. मुलांच्या नावांऐवजी आम्ही येथे क, ख, ग, घ ही अक्षरे वापरतो. चित्रात चार धावपटू, एक क्रीडाशिक्षक आणि मागे उभी असलेली दोन लहान मुले आहेत. पहिला मसुदा असा येतो : 'रिलेमध्ये विजयी झालेले विद्यार्थी क, ख, ग, घ व क्रीडाशिक्षक.' या ओळीतून क कोण आणि घ कोण ते कळत नाही. शिक्षक मध्ये उभे असतील तर डावीकडून मोजणाराही चुकतो, कारण तिसऱ्या जागी मूल नसून शिक्षक आहेत. मागची दोन मुले संघातील आहेत काय, हाही प्रश्न राहतो. सुधारलेली ओळ अशी : 'मुलांच्या १४ वर्षांखालील गटातील चार बाय शंभर मीटर रिले शर्यतीत प्रथम आलेला ग्रीन हाऊसचा संघ. डावीकडून : क, ख, क्रीडाशिक्षक, ग आणि घ (हातात बॅटन).' शिक्षक आता आपल्या जागी आले. बॅटनच्या खुणेमुळे वाचकाला आपला क्रम पडताळून पाहता येतो. अशी एक दृश्य खूण, म्हणजे बॅटन, पदक, टोपी किंवा चष्मा, रांगेच्या एका टोकाला दिली की यादी उलटी झाली असल्यास ती लगेच ध्यानात येते. मागच्या दोन मुलांचा उल्लेख मात्र करू नये. ती चौकटीबाहेर जातील असे छायाचित्र कापावे.

छायाचित्र कापणार असाल तर ते नावे लिहिण्यापूर्वी कापावे. नावे लिहून झाल्यावर संकेतस्थळाच्या चौकटीत बसावे म्हणून डावीकडचे एक मूल कापले गेले, तर उरलेल्या प्रत्येक मुलाला शेजाऱ्याचे नाव मिळते. दालनातील लहान चौकोनी चित्रे बहुधा आपोआप दोन्ही कडांनी कापली जातात. त्यामुळे नावांची ओळ लहान चित्राखाली न देता मोठ्या, पूर्ण चित्राखालीच द्यावी.

लेझीम पथक किंवा संपूर्ण वर्ग असे तीस-चाळीस मुलांचे छायाचित्र असेल तर रांगा वेगळ्या कराव्यात : 'बसलेले', 'मधली रांग', 'उभे'. प्रत्येक रांगेतील डोकी मोजावीत आणि नावेही मोजावीत. बसलेल्या रांगेत बारा चेहरे आणि अकरा नावे असतील तर ती ओळ प्रसिद्ध करू नये. एक नाव कोठे गळले हे कळेपर्यंत त्यानंतरचे प्रत्येक नाव संशयास्पद असते. एखाद्याचे नाव मिळालेच नाही तर अंदाजाने लिहू नये. त्या जागी 'नाव उपलब्ध नाही' असे लिहावे, म्हणजे पुढचा क्रम तरी बिघडत नाही. इतक्या मुलांची नावे खात्रीने मिळवणे शक्य नसेल, तर एकाचेही नाव न देता 'इयत्ता सहावीचे लेझीम पथक' असे लिहिणे अधिक न्याय्य ठरते. पाच मुलांची नावे आणि पुढे 'व इतर' हे त्या इतरांच्या पालकांना बोचते.

नावांच्या लेखनाचा प्रश्न आपल्या भागात विशेष आहे. १९४९ मध्ये निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत म्हणून उल्हासनगर आकाराला आले. आज या तिन्ही शहरांच्या शाळांतून सिंधी, मल्याळी, तमिळ, गोमंतकीय आणि मराठी मुले एकत्र शिकतात. हजेरीपटावर नावे रोमन लिपीत असतात आणि ती देवनागरीत आणताना चुका होतात. `Jose` हे नाव मल्याळी घरात 'जोस' असते, तर एखाद्या गोव्याच्या घरात 'जुझे'. `Rajani` हे सिंधी कुटुंबाचे आडनाव 'राजानी' असू शकते आणि मुलीचे नाव 'रजनी'ही असू शकते. यावर एकच उपाय आहे. संमतीपत्रावरच पालकांकडून मुलाचे नाव देवनागरीत लिहून घ्यावे आणि तेच वापरावे.

संमतीपत्राचा उल्लेख आला, तर शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा मांडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील बालिकांवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त पालक व नागरिकांनी रेल्वे स्थानकात लोहमार्ग रोखला. आपल्या मुलांची माहिती कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न तेव्हापासून येथील घराघरांत विचारला जातो. पोक्सो कायदा, २०१२ याच्या कलम २३ नुसार अत्याचारपीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा व परिसर प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे. हे कलम क्रीडादिनाच्या छायाचित्रांसाठी नाही. तथापि कोणत्या तपशिलांवरून मूल ओळखता येते, याची ती नेमकी यादी आहे. पूर्ण नाव, चेहरा, शाळा, इयत्ता व तुकडी एकाच ओळीत आली, तर कोणीही अनोळखी माणूस फाटकाशी उभा राहून त्या मुलाला नावाने हाक मारू शकतो.

म्हणून सार्वजनिक दालनात आम्ही पुढील मर्यादा सुचवितो. पालकांची लेखी संमती असेल तरच नाव द्यावे आणि तेही फक्त पहिले नाव. आडनाव, तुकडी, राहण्याचा परिसर आणि पालकांचे नाव देऊ नये. पूर्वप्राथमिकच्या मुलांची नावे मुळीच देऊ नयेत. संपूर्ण नावांची यादी शाळेच्या दप्तरी ठेवावी, म्हणजे इतिहासही जपला जातो. छायाचित्राच्या फाइलच्या नावातही मुलाचे नाव नसावे, कारण शोधयंत्रे तेही वाचतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि या अटीच्या पूर्ततेसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. शाळांनी संमतीपत्रे आताच तयार करणे इष्ट ठरेल. पालकांनी संमती मागे घेतली तर ओळीतून नाव काढावे, मात्र रांगेतील क्रम पुन्हा तपासूनच.