आढं खाली रेटतं, वारा वर खेचतो

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगडच्या किनारपट्टीत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि असंख्य घरांवरची कौलं-पत्रे उडाले. त्यानंतर जी छपरं पुन्हा चढली, त्यांतल्या एका छपराची ही गोष्ट. माणसं कल्पित आहेत, पण त्यांच्यातला वाद खरा आहे आणि कोकणात घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, सहा मीटर रुंद. मधल्या भिंतीवर आणि दोन खांबांवर आढं टेकलेलं, आढ्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरलेले वासे, वाशांवर रीपा आणि रीपांवर मंगलोरी कौलं. वादळात एका कोपऱ्याचे वासे उचकटले होते. बाकीचे वासेही जुने झालेले, म्हणून सगळंच छप्पर नव्यानं करायचं ठरलं. घरमालकाची मुलगी पुण्यात सिव्हिल इंजिनीअर. तिनं नकाशा आणला, तो असा: मधली भिंत आणि खांब काढून एकच मोठी खोली, वर दर तीन मीटरला एक लाकडी कैची आणि छपराचा उतार २० अंश. उतार कमी म्हणजे लाकूड कमी आणि कौलंही कमी.

सुतारकाकांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, ‘‘बाय, आढ्याखालचा आधार काढलास, मग हे वासे बाहेर जाणार नाहीत का?’’

प्रश्न अगदी नेमका होता. दोन वासे वर एकमेकांना टेकवून खाली भिंतीवर ठेवले, की त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि भिंतीला बाहेर ढकलतात. आढ्याला खालून आधार असला तर निम्मं वजन आढं घेतं आणि भिंतीवर फक्त सरळ खाली भार येतो. आधार नसला तर भिंतीला सोसावा लागणारा रेटा उताराप्रमाणे बदलतो. कौलं, रीपा, वासे मिळून छपराचं वजन चौरस मीटरला ८० किलो धरलं, तर सहा मीटर रुंदीच्या घरात ३० अंशांच्या उताराला भिंतीच्या प्रत्येक मीटरवर साधारण २४० किलोंचा आडवा रेटा येतो. उतार २० अंशांवर आणला की तोच रेटा ३५० किलोंच्या घरात जातो. चिऱ्याची भिंत वरून येणारा भार सहज पेलते, आडव्या रेट्याला मात्र ती कच्ची असते.

‘‘म्हणून तर खाली तुळई आहे, काका. कैचीची तुळई दोन्ही पाय धरून ठेवते. भिंतीला रेटा लागतच नाही,’’ मुलगी म्हणाली. तिचंही बरोबर होतं. कैचीचं सगळं गणित त्या तुळईवरच उभं असतं.

काकांनी नकाशावर बोट ठेवलं ते वासा आणि तुळई जिथं मिळतात त्या टोकावर. वाशाचा पाय तुळईतल्या खाचेत बसतो आणि तुळईच्या टोकाकडे रेटत राहतो. खाचेपुढं लाकूड पुरेसं राखलं नाही, तर टोकाचा तुकडा रेषेरेषेनं चिरून बाहेर सरकतो. कैच्या तीन मीटरवर असल्यानं त्या एका सांध्यावर हजार किलोंहून जास्त रेटा येणार होता. लाकूड पूर्ण वाळलेलं नसेल तर पुढं तिथंच भेग पडते. असं बिघडू लागलं की आधी आढं मध्यभागी वाकतं आणि कौलांची ओळ लवते. काकांचा नियम साधा होता: मधली भिंत असताना ती पाडून सगळा भार एका सांध्यावर कशाला टाकायचा?

उताराच्या बाबतीत तर इंजिनीअर मुलीचंच पुस्तक काकांच्या बाजूनं बोललं. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात, बुटक्या घराच्या उतरत्या छपरासाठी तक्ता आहे. १० अंशांच्या चपट्या छपराला वाऱ्याकडच्या बाजूनं जोराची ओढ बसते, २० अंशांना ती कमी होते आणि ३० अंशांच्या आसपास त्या बाजूची ओढ जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे पावसासाठी जो चढा उतार कोकणातले सुतार पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले, तो वाऱ्यालाही मानवतो. तिनं उतार ३० अंशांवर नेला, मधली भिंतही राहू दिली.

मग तिनं आपला प्रश्न विचारला. ‘‘काका, हा वासा भिंतीला कशानं धरलाय?’’

‘‘वजनानं. एवढी कौलं आहेत वर. आणि एक चार इंची खिळा आहे.’’

खरा मतभेद इथं होता. सुताराचं सगळं छप्पर वजन खाली उतरवण्यासाठी रचलेलं असतं. वादळात वारा छपरावरून घसरतो तेव्हा तो छप्पर वर खेचतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला जेमतेम १७ किलो असतो. ताशी १२०ला तो ६८ किलो होतो, म्हणजे छपराच्या वजनाच्या जवळ येतो. छपराच्या मध्यभागी काकांचा वजनावरचा भरवसा कसाबसा टिकतो. कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ ओढ याच्या दीडपटीवर जाऊ शकते, आणि वाऱ्याकडचं दार मोडून वारा आत शिरला की तो खालूनही ढकलतो. या घराचा कोपराच का उचकटला, त्याचं उत्तर यात होतं.

तो चार इंची खिळा वरून खाली ठोकलेला. वासा वर उचलला गेला की खिळा ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं बाहेर येतो. त्याऐवजी लोखंडी पट्टी वाशावरून वळवून खालच्या लाकडाला दोन्ही बाजूंनी आडवे खिळे मारून बसवली, तर ते खिळे उपसले जात नाहीत. निघायचं तर ते कापलेच जायला हवेत, आणि त्याला कितीतरी जास्त जोर लागतो.

काकांना पट्टी पटली, तिच्या नकाशातली साधी लोखंडी पट्टी मात्र पटली नाही. खाऱ्या हवेत ती काही वर्षांत गंजून फुगते आणि भोवतालचं लाकूड फोडते. म्हणून जस्ताचा जाड मुलामा दिलेली पट्टी आणि खिळे ठरले. वाशाचं टोक चिरू नये म्हणून काका प्रत्येक खिळ्याआधी गिरमिटानं बारीक भोक पाडणार होते. पुढची गोष्ट मुलीनं सुचवली. वासा खालच्या लाकडाला बांधला आणि ते लाकूड चिऱ्यांवर नुसतंच ठेवलं, तर वादळ दोन्ही एकदम उचलेल. त्यामुळे भिंतीच्या माथ्यावर सळ्यांसह काँक्रीटचा पट्टा ओतायचा आणि त्यात पुरलेल्या बोल्टनी ते लाकूड आवळायचं, हेही ठरलं.

शेवटी उतार, आढं आणि मधली भिंत काकांची राहिली. पट्ट्या, बोल्ट आणि काँक्रीटचा पट्टा मुलीचा.

वादळानंतर कौलं काढून पत्रा घालणाऱ्यांनी ही बांधणी विशेष ध्यानात घ्यावी. कौलं आणि रीपांचं वजन चौरस मीटरला ५० ते ६५ किलो असतं, पातळ पत्र्याचं जेमतेम ५ किलो. जुन्या वाशांवर पत्रा चढवला की छप्पर खाली दाबून ठेवणारं वजन जवळजवळ संपतं आणि सगळी भिस्त सांध्यांवर येते. पत्रा घालण्याआधी सुताराला वर चढवा आणि प्रत्येक वासा कशानं धरलाय ते दाखवायला सांगा. नुसता वरून मारलेला खिळा असेल, तर आधी पट्ट्या मारून घ्या.