लेखांक ६ : प्रकरण शेवटाकडून लिहायचं

मागच्या भागात पुस्तकाचा आराखडा आखला होता. या वेळी एकच प्रकरण हातात घेऊ. पुस्तक आहे घरच्या घरी खत करण्याचं, आणि प्रकरण ‘पहिली बादली भरणं’. ज्याने आजवर भाजीची देठं कचऱ्याच्या डब्यातच टाकली, अशा माणसासाठी ते लिहायचं आहे.

बहुतेक लेखक अशा प्रकरणाची सुरुवात कुजण्याच्या शास्त्रापासून करतात, मग साहित्य, मग कृती, आणि जागा उरली तर शेवटी पाच प्रश्नांचा स्वाध्याय. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा हवा. आधी ठरवायचं, की प्रकरण मिटवताना वाचकाच्या घरात काय असेल. इथे उत्तर आहे: वीस लिटरची एक भरलेली बादली, जिला आठवड्यानंतरही दुर्गंधी येत नाही. हे वाक्य कागदावर आलं की आधी यादी लिहायची, मग सराव, मग मुख्य मजकूर. त्यातून जे बाहेर राहील, ते चौकटीत.

यादीपासून सुरुवात करू. पहिल्या खर्ड्यात पंधरा-वीस मुद्दे सहज होतात, कारण लेखक नकळत प्रकरणाचा सारांशच लिहीत असतो. अतुल गवांदे यांच्या २००९च्या ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकात बोइंग कंपनीत वैमानिकांसाठी याद्या करणाऱ्या डॅनियल बूरमन यांचा अनुभव आला आहे. यादीत साधारण पाच ते नऊ मुद्दे असावेत आणि ती केव्हा वाचायची तो क्षण नक्की असावा, हे त्यातलं सार. याद्याही दोन प्रकारच्या असतात. एक ओळ वाचायची आणि तेवढं करायचं, हा पहिला प्रकार. काम आपल्या ओघात उरकून मग थांबायचं आणि पडताळायचं, हा दुसरा. बादलीला दुसरा प्रकार लागतो, कारण हात ओले असताना कुणी पुस्तक वाचत नाही. यादीच्या डोक्यावर तसं लिहूनच टाकावं: ‘झाकण ठेवण्याआधी’.

आता मुद्दे. ‘ओलावा योग्य आहे ना?’ हा मुद्दा निरुपयोगी आहे, कारण योग्य म्हणजे किती हेच वाचकाला माहीत नाही. तो असा लिहायचा: ‘मूठभर मिश्रण दाबल्यावर बोटांच्या फटीतून एक-दोन थेंबच येतात.’ ‘सुका पाला पुरेसा आहे’ याऐवजी ‘वरून पाहिल्यावर ओला कचरा कुठेही दिसत नाही’. उरलेले मुद्दे म्हणजे तळाला आणि बाजूंना भोकं, तळाशी चार बोटं सुका पाला, सालींचे बारीक तुकडे आणि सैल बसणारं झाकण. एकूण सहा झाले. प्रत्येकाचं उत्तर डोळ्यांनी किंवा हाताने मिळतं. ज्याचं तसं मिळत नाही, तो मुद्दा यादीतून काढायचा.

ही यादी आधी लिहिल्याचा मोठा फायदा म्हणजे सराव कशाचा द्यायचा, ते तीच सांगते. सहापैकी पाच गोष्टी वाचून जमतात, मुठीची चाचणी मात्र हाताला शिकवावी लागते. तेव्हा सराव तिचाच. तीन वाडग्यांत सारखं कोरडं कोकोपीट घ्यायला सांगायचं. पहिलं तसंच ठेवायचं. दुसऱ्यात चमच्या-चमच्याने पाणी घालत, दर वेळी मूठ दाबून बघायचं आणि थेंब दिसताच थांबायचं. तिसऱ्यात भरपूर पाणी ओतायचं. मग तिन्ही एकामागून एक दाबायचे: पहिलं भुरभुरतं, दुसऱ्याचा गोळा होतो आणि एखादा थेंब येतो, तिसऱ्यातून धार लागते. हाताला हा फरक एकदा कळला, की बादलीतला ओलावा ओळखायला पुस्तक लागत नाही.

सरावासोबत तीन गोष्टी छापल्याच पाहिजेत: लागणारा वेळ, लागणाऱ्या वस्तू आणि ‘तुम्हाला असं दिसेल’. ही तिसरी गोष्ट नसेल, तर आपलं बरोबर झालं की चुकलं हे वाचकाला कळत नाही, आणि तो पुढच्या सरावाच्या वाटेला जात नाही. जागाही महत्त्वाची आहे. हा सराव मजकुरात ओलाव्याचा उल्लेख येतो तिथेच हवा, प्रकरणाच्या शेवटी नको. पान उलटायला लागू नये म्हणून समोरासमोरच्या डाव्या-उजव्या पानांवर तो पूर्ण बसवावा. ही मागणी मांडणी करणाऱ्याकडे सुरुवातीलाच करायची.

चुकलं तर काय, याला लेखक फार कमी जागा देतात. १९८०च्या दशकात जॉन कॅरल आणि त्यांचे सहकारी आयबीएममध्ये लोक संगणक कसा शिकतात याचा अभ्यास करत होते. लोक माहितीपुस्तिका क्रमाने वाचत नाहीत, थेट काम करू लागतात, चुकतात आणि तिथे अडकतात, हे त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी छोट्या पुस्तिकांचा आग्रह धरला आणि चूक ओळखून सावरण्याच्या सूचना त्यांत मुद्दाम घातल्या. आपल्या प्रकरणात ही जागा वासाला द्यावी. कुजकट वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी: सुका पाला मिसळून ढवळा. नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर ओला कचरा जास्त: पाला वाढवा. वास नाही, पण काही कुजतही नाही, तर मिश्रण कोरडं आहे: पाणी शिंपडा. तीन ओळी पुरतात, पण त्या मुख्य मजकुरात हव्यात.

आता चौकट. कचऱ्यात नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे साधारण २५ ते ३० भाग असले की कुजणं नीट चालतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात कार्बन त्या मानाने कमी पडतो, सुक्या पाल्यात तो बराच जास्त असतो, म्हणून दोन्ही मिसळायचे. ही माहिती सुंदर आहे, पण ती नसली म्हणून बादली अडत नाही. म्हणून ती चौकटीत, शंभर-सव्वाशे शब्दांत. चौकट पायऱ्यांच्या मध्ये कधीच टाकू नये. पायरी तीन आणि चारच्या मध्ये रंगीत चौकट आली की डोळा तिकडे जातो आणि चौथी पायरी सुटते.

चौकट योग्य आहे का, हे तपासायला सोपा उपाय आहे. सगळ्या चौकटी कागदाने झाकून प्रकरण वाचायचं. काम पूर्ण होत असेल तर त्या चौकटीच आहेत. अडत असेल तर मुख्य मजकुरातलं काहीतरी तिथे जाऊन बसलं आहे. इशारे हमखास असे हरवतात. ‘झाकण घट्ट लावू नका’ हे लाल चौकटीत उठून दिसतं असं लेखकाला वाटतं, पण वाचक पायऱ्यांमागून पायऱ्या करत जातो आणि चौकट नंतर वाचू म्हणून सोडतो. इशारा त्या पायरीतच, कृतीच्या आधी हवा.

प्रत्येक विषयात हे सगळं चालत नाही. पाककृतीला यादी बहुधा लागतच नाही, कारण साहित्याची यादी आणि चव ते काम करतात. कायद्याचे अर्ज कसे भरावेत अशा पुस्तकात सरावापेक्षा भरलेला नमुना अर्ज जास्त उपयोगी पडतो. आणि सगळ्या प्रकरणांना ‘सराव, चौकट, यादी’ असा एकच साचा लावला, की कुठेतरी ओढूनताणून मजकूर भरावा लागतो. वाचकाच्या ते लगेच लक्षात येतं. ज्या प्रकरणाला चौकट नको, तिथे ती नसावी.

पुढच्या भागात आकृत्या आणि छायाचित्रं घेऊ. तोवर तुमच्या हस्तलिखितातलं एक प्रकरण त्यातलं काम कधीही न केलेल्या माणसाच्या हातात द्या, साहित्य समोर ठेवा आणि शेजारी गप्प बसा. त्याने प्रश्न विचारला तरी उत्तर देऊ नका, तो ज्या ओळीवर थांबला तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या खुणांपासून दुरुस्ती सुरू करा.