वाढीचा आलेख – ११ : दमणारं बाळ आणि खारट बाळ

थायरॉईडवर या रविवारी लिहीन असं म्हटलं होतं, पण ते पुढं ढकलतो. सेलूहून एका आजींचं पत्र आलंय, त्यानं माझा बेतच बदलला. त्यांची नात सात महिन्यांची आहे. ती सतत दूध मागते, वरचं खायलाही हावरी आहे, तरी अंगणवाडीच्या आलेखावरची रेघ जागची हलत नाही. पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी एक ओळ लिहिलीय : पोरीची पापी घेतली की गाल खारट लागतात.

त्या ओळीकडं वळायच्या आधी दुसऱ्या एका बाळाबद्दल सांगतो, कारण आलेखावर ही दोन्ही बाळं एकाच रंगात दिसतात. वजन कमी, उंची थोडी कमी, डोक्याचा घेर ठीक. कुपोषण म्हणून दोघांची नोंद एकाच यादीत होते. त्यांना वेगळं करणारा प्रश्न मी आईला सगळ्यात आधी विचारतो : बाळ पितं कसं?

गंगाखेड तालुक्यातली ही मुलगी जन्मली तेव्हा २.८ किलोची होती. रडली लगेच, प्यायलीही नीट. दवाखान्यातून घरी सोडताना छातीत काही आवाज नव्हता. तीन महिन्यांनी वजन ३.६ किलो, म्हणजे दिवसाला जेमतेम ९ ग्रॅम वाढ. या वयात २५ ते ३० ग्रॅम हवी. दृष्ट काढून झाली होती, आईचं दूधच पातळ आहे असा सासरचा निकालही लागला होता. मी आईला समोर पाजायला बसवलं. पोरीनं जोरात तोंड लावलं, आठ-दहा घोट घेतले, सोडलं, धापा टाकल्या, परत लावलं. पाच मिनिटांत कपाळावर घामाचे थेंब आले, बाहेर थंडीचे दिवस असूनही. वीस मिनिटांनी ती पोट न भरताच झोपली आणि तासाभरानं पुन्हा रडत उठली. झोपेत श्वास मोजले तर मिनिटाला ६४. या वयाला ५० च्या वर गेले की काळजी करायची.

इकोमध्ये हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र निघालं. जन्मजात हृदयविकारांत हा सगळ्यात जास्त आढळणारा. मग जन्मतः कुणाला कळलं कसं नाही, असा राग घरच्यांना येतो. पण त्यात डॉक्टरांची चूक असतेच असं नाही. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळं छिद्रातून फारसं रक्त पलीकडं जात नाही. त्या सैल होत जातात तसा डावीकडून उजवीकडं लोंढा सुरू होतो. फुप्फुसं रक्तानं तुंबतात, हृदय दुप्पट काम करतं. म्हणून दुखणं दिसायला लागतं ते साधारण महिना-दीड महिन्यानं. आणि हे बाळ निळं पडत नाही. बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन ९७ दाखवतं, आणि सगळे निर्धास्त होतात.

आता हिशोब बघा. निरोगी तान्ह्या बाळाला किलोमागं दिवसाला शंभर-एकशेदहा कॅलरी पुरतात. या मुलीचा श्वास आणि हृदय मिळून इतकं जाळतात की तिला १३० ते १४० लागतात. मिळतात किती? आम्ही एक दिवस प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर, कपडे न बदलता, पाच ग्रॅमचाही फरक दाखवणाऱ्या काट्यावर तिचं वजन केलं. एका खेपेला सरासरी ३५ मिली, बारा खेपा, म्हणजे ४२० मिली. आईच्या दुधात १०० मिलीला ६७ कॅलरी धरल्या तर झाल्या २८१, किलोमागं ७८. आईचं दूध पातळ नव्हतं. पोरीला ते ओढायची ताकद नव्हती.

‘जास्त पाजा’ हा सल्ला इथं फोल ठरतो, कारण ती जास्त पिऊच शकत नाही, आणि फार पाणी पोटात गेलं तर फुप्फुसं आणखी तुंबतात. तेवढ्याच दुधात जास्त ऊर्जा भरायची, हा मार्ग. आईनं दूध पिळून स्टीलच्या वाटीत काढायचं आणि १०० मिलीत साधारण ४ ग्रॅम बाळाच्या दुधाची पावडर मिसळायची. मग १०० मिलीला ८७ च्या आसपास कॅलरी होतात. पहिले दोन-तीन दिवस निम्मीच पावडर, जुलाब किंवा पोटफुगी होते का ते बघत. तोंडानं पाजायला वीस मिनिटांची हद्द ठेवायची, कारण त्यापुढं बाळ कमावतं त्यापेक्षा खर्चतं जास्त. उरलेलं नाकातल्या नळीनं. या मुलीला तोंडानं ४२० आणि रात्री नळीनं १२० मिली असं ठरलं. एकूण ५४० मिली, कॅलरी ४७०, किलोमागं १३०. जोडीला फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी औषधं. वाढ दिवसाला १५ ग्रॅमवर आली. फार नाही, पण रेघ वर वळली. हे आकडे या एका मुलीचे आहेत. घरी अंदाजानं पावडर घालू नका, दूध फार दाट झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो.

माझा खरा वाद पुढच्या वाक्याशी आहे, जे मी अजूनही ऐकतो : ‘आधी वजन वाढू द्या, मग ऑपरेशनचं बघू.’ अहो, वजन वाढत नाही ते छिद्रामुळं. मोठं छिद्र असेल आणि औषधं, आहार देऊनही बाळाचं वजन वाढत नसेल, तर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बंद करणं योग्य, चार किलोचं बाळ असलं तरी. थांबण्यात एक फसवा धोकाही आहे. वर्ष-दीड वर्ष तो लोंढा सोसून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या जाड होतात, रक्त पलीकडं जाईनासं होतं, आणि बाळ अचानक बरं वाटायला लागतं. धाप कमी, घाम कमी, वजनही वाढू लागतं. घरचे म्हणतात, छिद्र भरलं असेल. काही छिद्रं खरंच आपोआप लहान होतात, पण तेव्हा हृदयाचा आवाज कर्कश होतो. इथं आवाज मंदावतो. हा फरक इकोच सांगतो. वाहिन्या कायमच्या जाड झाल्या की ऑपरेशनची वेळ गेली.

गंगाखेडची मुलगी साडेचार महिन्यांची, ४.२ किलोची असताना तिचं ऑपरेशन मुंबईत झालं. गावात तपासणीला येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला, आणि जन्मजात हृदयविकार त्याच्या यादीत आहे. उपचाराचा खर्च त्यातून किंवा महात्मा फुले योजनेतून होतो. वर्षाची झाली तेव्हा ती ७.६ किलो होती. अडचण आली ती दुसरीच. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची वेळ झाली होती, उचल घेतलेली होती. शेवटी आई मागं राहिली आणि कोयत्याला दुसरा जोडीदार शोधावा लागला. ही किंमत कुठल्याच योजनेत धरलेली नसते.

आता सेलूच्या आजी. त्यांची नात दमत नाही, घामाघूम होऊन दूध सोडत नाही, उलट भरपूर पितेखाते. खाल्लेलं जातं कुठं, हा इथला प्रश्न. मी फोनवर शी कशी होते ते विचारलं. भरपूर, तेलकट, भयंकर वासाची, दुपट्यावर तुपासारखा डाग राहणारी. खोकला जन्मापासून. आई-वडील नात्यातले, मामाची मुलगी केलेली. हे सगळं ऐकल्यावर सिस्टिक फायब्रोसिसची शंका घ्यायलाच हवी. या आजारात शरीरातले स्राव चिकट होतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबल्या की पाचक रस आतड्यात पोचत नाही, खाल्लेलं तूप-तेल तसंच बाहेर पडतं. फुप्फुसात तोच चिकटपणा साचतो. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नात शक्यता वाढते. आपल्याकडं अशी पोरं बरेचदा वर्षानुवर्षं टीबीची औषधं खात राहतात.

आणि खारटपणा? घामग्रंथी घाम बाहेर येण्याआधी त्यातलं मीठ परत शोषून घेतात. इथं ते शोषलं जात नाही. हे लक्षात आलं ते उन्हामुळं. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली आणि कोलमडून रुग्णालयात आलेल्या बाळांत या आजाराची बाळं नेमकी जास्त निघाली. त्याच रुग्णालयातल्या पॉल दि सांत’आन्येस यांनी १९५३ मध्ये घामातलं जादा मीठ दाखवून दिलं, आणि आजवरची मुख्य तपासणी तीच आहे. हातावर पायलोकार्पिन लावून हलका विद्युतप्रवाह देतात, घाम गोळा करतात. क्लोराइड ६० किंवा जास्त म्हणजे आजार जवळपास नक्की, ३० च्या खाली म्हणजे शक्यता कमी, मधलं असेल तर पुन्हा तपासणी. ही चाचणी मोठ्या केंद्रातच करावी, घाम कमी गोळा झाला की आकडा विश्वासाचा राहत नाही. फक्त जनुक तपासणीवर विसंबू नये, कारण युरोपात सर्रास सापडणारा बदल आपल्याकडं तितका सापडत नाही, आणि तिथल्या यादीवर बेतलेली तपासणी ‘काही नाही’ म्हणू शकते.

परभणीच्या मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, असं बाळ जुलाब नसतानाही सुकतं, मलूल होतं, उलट्या करतं. रक्तात सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम सगळं खाली, पण बायकार्बोनेट वर. जुलाबानं सुकलेल्या बाळात ते खाली जातं. हा एक आकडा बघून तरी शंका यावी.

आजार पक्का झाला तर वाढीसाठी तीन गोष्टी. पहिली, प्रत्येक खाण्याबरोबर स्वादुपिंडाच्या पाचकांची कॅप्सूल. तान्ह्या बाळाला ती उघडून आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात द्यायचे. दाणे कुटायचे नाहीत, दुधात किंवा गरम भातात मिसळायचे नाहीत, वरचं आवरण आधीच विरघळून औषध वाया जातं. नंतर हिरड्यांत दाणा राहिलाय का ते बोटानं बघायचं, नाहीतर तोंड येतं. दुसरी, तूप-तेल भरपूर द्यायचं. शी तेलकट म्हणून तूप बंद करणं ही उलटी रीत. पाचक वाढवायचं, तूप नाही कमी करायचं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागतात. तिसरी, मीठ. सहा महिन्यांपर्यंत दिवसाला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, पुढं वर्षापर्यंत पाव चमचा, दिवसभरात विभागून. उन्हाळ्यात डॉक्टर ते वाढवतात.

पण हेच मीठ गंगाखेडच्या मुलीला ऑपरेशनआधी दिलं असतं, तर तिच्या फुप्फुसात पाणी साचलं असतं. म्हणून खारट गाल ऐकून कुणी घरी मीठ चाटवायला लागू नका. आजी, नातीला घेऊन या, येताना अंगणवाडीचं कार्ड आणि आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या आणा, घामाची तपासणी कुठं करायची ते मी लिहून देतो. थायरॉईड पुढच्या रविवारी.