दहाच्या जोड्या



गणपतीच्या वर्गणीची वही यंदा तुझ्याकडे आली, असं तुझी आई सांगत होती. मोबाइलवर बेरीज करशील, पण आकडे टाकताना एखादा सुटला तर तिथे माग राहत नाही. आम्ही कचेरीत कॅशबुकाचं पानच्या पान पेन्सिलीने उतरवत असू. ती रीत लिहितो.

समज, वहीत हे आकडे आहेत: ४७, ८६, २३, ५४, ३८, ६५, ७२, ९१. ते एकाखाली एक मांड. एककाच्या रकान्यात वरून खाली ७, ६, ३, ४, ८, ५, २, १ येतात. ‘सात नि सहा तेरा, तेरा नि तीन सोळा’ असं म्हणत उतरू नकोस, नजरेने दहा शोध. ७ ला ३ मिळाले, तीनच्या शेजारी ठिपका दे. मधला ६ हातात आहे, त्याला लगेच ४ मिळाले, दुसरा ठिपका. ८ आणि २, तिसरा. उरले ५ आणि १. तीन ठिपके नि सहा, म्हणजे ३६. खाली ६ लिही, हातचे ३.

दशकात हातचे आधी घे, नाहीतर शेवटी विसरतात. ३ नि ४ सात. ८ नि २ चा ठिपका. पुढचा ५ मागे ठेवून हातातल्या सातला ३ दे, दुसरा ठिपका. आता हातात ५, पुढे ६. नेमके दहा होत नाहीत, अकरा होतात. तरी ठिपका द्यायचा आणि वरचा १ घेऊन पुढे जायचं. १ नि ७ आठ, आठ नि ९ सतरा: चौथा ठिपका, उरले ७. म्हणजे ४७. एकूण बेरीज ४७६.

जोडी शोधायला फार लांब जाऊ नकोस. हातातल्या बेरजेशिवाय एकच अंक मागे ठेवावा. दोन-तीन ठेवले की एखादा सुटतो किंवा दोनदा धरला जातो. जोडी जवळ नसेल तर आत्ता अकराला केलं तसं कर.

पडताळा खालून वर घे. जोड्या बदलतात, त्यामुळे तीच चूक पुन्हा होणं कठीण. दोन बेरजांत ५ चा फरक आला, तर एककातला एखादा ५ आधी बघ. १० चा आला, तर एककाचा ठिपका चुकला असेल किंवा दशकातला १ सुटला असेल.

दोन्ही बेरजा जुळल्या आणि पेटीतली रोकडच जुळली नाही, तर फरकाला ९ ने भागून बघ. पूर्ण भाग गेला, तर ५४ चे ४५ असे अंक उलटे उतरले असण्याचा संभव मोठा. मग बेरजेत वेळ घालवू नकोस, पावतीपुस्तक काढून एकेक पावती वहीशी ताडून बघ.

तुझे आजोबा