तीस दिवसांची मुदत

सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल फाइल गूगल ड्राइव्हवर आहे. १ जूनला कुणीतरी त्याच नावाची, निम्मे आकडे पुसलेली फाइल तिच्यावर चढवली आणि ५ जूनला ती चुकून डिलीटही झाली. इथे नुकसान दोन प्रकारचं आहे आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

आधी फाइल परत आणायची. ज्याच्या मालकीची ती फाइल, त्याने आपल्या ड्राइव्हमधल्या Trash किंवा Bin मध्ये जाऊन तिच्यावर राइट क्लिक करून Restore निवडायचं. पण परत येईल ती निम्मे आकडे पुसलेलीच. म्हणून पुन्हा राइट क्लिक करून Manage versions उघडायचं. १ जूनच्या आधीची आवृत्ती तिथे दिसली, की ती लगेच डाउनलोड करून ठेवावी.

घाई करायची, कारण अशा फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनंतर किंवा शंभर आवृत्त्या झाल्यावर पुसल्या जाऊ शकतात. महत्त्वाच्या आवृत्तीवर Keep forever ही खूण आधीच करून ठेवणं मला फार गरजेचं वाटतं.

कचरापेटीतही फाइल ३० दिवसच राहते. तोवर ती जागा अडवते, म्हणून अनेकजण पेटी स्वतःच रिकामी करतात आणि हातातली मुदत घालवून बसतात. त्यानंतर Restore चा पर्याय राहत नाही. कार्यालयीन खातं असेल, तर पेटी रिकामी झाल्यापासून २५ दिवसांच्या आत ॲडमिनकडून फाइल परत मिळू शकते. त्यासाठी त्यांना त्याच दिवशी कळवा.