बंद परवडला, मंद नको

२० सप्टेंबर २०१५, रविवार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पहाटेचे दोन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. आपल्याकडे दुपारचे पावणेतीन वाजत होते. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात नेटवर्क क्षणभर अडखळलं आणि लगेच पूर्ववतही झालं. तिथे चालणारा ‘डायनॅमोडीबी’ हा डेटाबेस मात्र रुळावर यायला जवळपास पाच तास लागले. या काळात त्याच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक विनंत्या अयशस्वी होत होत्या आणि त्याच्यावर विसंबून असलेल्या ॲमेझॉनच्या इतर सेवाही लंगडू लागल्या होत्या.

नेटवर्क तर मिनिटांत दुरुस्त झालं होतं. मग पाच तास नेमकं काय बिघडलेलं होतं? ॲमेझॉनने नंतर स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात याचं उत्तर आहे. ते समजून घ्यायचं तर आधी डेटाबेस मंदावला की त्याच्या अवतीभवती काय घडतं, ते पाहावं लागेल.

डेटाबेस पूर्ण बंद पडला तर त्याला विचारणाऱ्या सेवेला बहुतेक वेळा लगेच ‘जोडणी होत नाही’ असं उत्तर मिळतं. ते वाईट असलं तरी झटपट असतं. सेवा वापरणाऱ्याला चूक दाखवते आणि मोकळी होते. मंद डेटाबेस नकारही देत नाही आणि उत्तरही देत नाही. तो ताटकळत ठेवतो, आणि खरा धोका या ताटकळण्यातच आहे.

एक हिशेब करू. समजा, एखाद्या दुकानाच्या ॲपमधली ऑर्डर-सेवा डेटाबेसला सेकंदाला २०० प्रश्न विचारते आणि प्रत्येक उत्तराला ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग लागतो. कोणत्याही क्षणी २०० गुणिले ०.०५, म्हणजे सरासरी १० प्रश्न उत्तराच्या वाटेवर असतात. सेवेकडे डेटाबेसच्या ५० जोडण्या राखून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे सगळं आरामात चालतं. आता डेटाबेस मंदावला आणि उत्तराला दोन सेकंद लागू लागले. तेवढेच ग्राहक, तेवढेच प्रश्न. पण आता ४०० जोडण्या हव्यात. आहेत ५०. त्यांतून सेकंदाला जेमतेम २५ प्रश्न पुढे जातात आणि उरलेले १७५ दर सेकंदाला साचत राहतात. थोड्याच वेळात ऑर्डर-सेवेची स्मृती आणि तिचे सगळे कामकरी धागे वाट पाहण्यातच अडकतात. मग तिला विचारणारी पेमेंट-सेवा ताटकळते, तिच्यामुळे ॲपचं मुखपृष्ठ ताटकळतं. ज्याला डेटाबेसशी काही देणंघेणं नाही, फक्त दुकानाची वेळ पाहायची आहे, त्याच्याही पडद्यावर चक्र फिरत राहतं. बिघाड एका ठिकाणी, पण मंदपणा साखळीने सगळीकडे पोहोचतो.

यावर पहिला उपाय म्हणजे टाइमआउट: अमुक वेळात उत्तर आलं नाही तर वाट पाहणं सोडायचं. बऱ्याच सॉफ्टवेअर ग्रंथालयांत ही मर्यादा सुरुवातीला खूप मोठी असते किंवा मुळीच नसते, त्यामुळे ती जाणीवपूर्वक ठरवावी लागते. ती सरासरीवरून ठरवून चालत नाही. सरासरी ५० मिलिसेकंद असली तरी शंभरातल्या एखाद्या प्रश्नाला नेहमीच ३०० लागत असतील, तर १०० ची मर्यादा धडधाकट कामांवरच कुऱ्हाड चालवेल. म्हणून एरवीच्या दिवसांतली सर्वांत संथ उत्तरं मोजून मर्यादा त्यांच्या थोडी वर ठेवतात.

टाइमआउटने विचारणारा मोकळा होतो, पण उत्तर देणारा मोकळा होतोच असं नाही. सरकारी कचेरीत कंटाळून रांग सोडलेल्या माणसाचा अर्ज गठ्ठ्यात तसाच राहावा आणि कारकुनाने तो इमानेइतबारे तपासून शिक्का मारावा, तशी डेटाबेसची गत होते. उत्तर तयार होतं तेव्हा ते घ्यायला कुणीच नसतं. म्हणूनच काळजीपूर्वक बांधलेल्या सेवा प्रश्नासोबत ‘याला अजून इतकाच वेळ उरला आहे’ ही नोंद पुढे पाठवतात. पुढची प्रत्येक सेवा काम हातात घेण्याआधी ती पाहते आणि वेळ संपला असेल तर काम सुरूच करत नाही.

वाट पाहणं सोडलेली सेवा पुढे काय करते? पुन्हा विचारते. यालाच रिट्राय म्हणतात. नेटवर्कवर एखादा संदेश अधूनमधून हरवतो, अशा वेळी दुसरा प्रयत्न बहुधा यशस्वी होतो, त्यामुळे सवय चांगलीच. पण उत्तर येत नाही याचं कारण डेटाबेसवरचा भार हेच असेल, तर प्रत्येक फेरप्रयत्न त्या भारात भर घालतो. त्यात हे प्रयत्न थराथराने गुणले जातात. ॲप ऑर्डर-सेवेला तीनदा विचारतं, ऑर्डर-सेवा साठा-सेवेला तीनदा, साठा-सेवा डेटाबेसला तीनदा. ग्राहकाने बटण दाबलं एकदा. आधीच दमलेल्या डेटाबेससमोर मात्र २७ प्रश्न उभे राहिले. म्हणून पुन्हा प्रयत्न कोणत्या तरी एकाच थराने करायचा, बाकीच्यांनी अपयश मुकाट्याने वर कळवायचं, हा साधा नियम फार मोलाचा ठरतो.

आता डायनॅमोडीबीकडे परत येऊ. त्यातली माहिती असंख्य साठवण-सर्व्हरांवर वाटलेली असते. कोणत्या सर्व्हरने कोणता भाग सांभाळायचा याची यादी एका अंतर्गत सेवेकडे असते. प्रत्येक सर्व्हर ती यादी अधूनमधून, आणि नेटवर्क तुटून जोडल्यावर हमखास, मागवून घेतो. ठरलेल्या वेळात ती मिळाली नाही, तर तो स्वतःला कामावरून बाजूला करतो आणि पुन्हा मागत राहतो. चुकीची माहिती देण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, हा त्यामागचा विचार.

घटनेच्या आधीच्या काही महिन्यांत डायनॅमोडीबीतल्या एका नव्या सोयीचा वापर झपाट्याने वाढला होता. ती वापरणाऱ्या ग्राहकांमुळे या याद्या लांबल्या आणि काही याद्या तयार होऊन पोहोचायला लागणारा वेळ ठरवलेल्या मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन ठेपला. मर्यादा जुनी, याद्या नव्या. त्या पहाटे नेटवर्क अडखळलं आणि मोठ्या संख्येने सर्व्हरांनी एकाच वेळी यादी मागितली. यादी देणारी सेवा मंदावली, उत्तरं मर्यादेपलीकडे गेली, सर्व्हर बाजूला झाले आणि पुन्हा मागू लागले. त्या गर्दीत, ज्यांचं काम सुरळीत चाललं होतं अशा सर्व्हरांनाही यादीचं नूतनीकरण वेळेत मिळेना. मग तेही बाजूला होऊन मागणाऱ्यांत सामील झाले. मूळ कारण केव्हाच नाहीसं झालं होतं, पण फेरप्रयत्नांचा भारच आता बिघाड जिवंत ठेवत होता.

अभियंत्यांनी त्या सेवेला जास्तीचे सर्व्हर जोडायचा प्रयत्न केला. पण ती इतकी दबली होती की ‘तुला मदत पाठवत आहोत’ हा व्यवस्थापकांचा संदेशही तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. अखेर पहाटे पाचच्या सुमारास त्यांनी साठवण-सर्व्हरांकडून येणाऱ्या विनंत्याच थांबवल्या. भार उतरला, क्षमता वाढवता आली, मग विनंत्या पुन्हा सुरू केल्या. सातनंतर सेवा सावरली.

विनंत्या थांबवणं, हे त्या रात्री माणसांनी हाताने केलेलं काम यंत्राने आपणहून, क्षणार्धात करणं म्हणजे बॅकप्रेशर. याची पहिली अट म्हणजे मर्यादित रांग. समजा, सेवा सेकंदाला १०० कामं उरकते आणि मागणारा दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही. तर रांगेत दोनशेव्या जागेनंतर उभ्या राहणाऱ्याला वेळेत उत्तर मिळूच शकत नाही. त्याला आत घेण्यात अर्थ नाही. रांग भरली की नव्या विनंतीला लगेच ‘आत्ता नाही’ सांगायचं. हा नकार मिलिसेकंदांत जातो, कुणाला ताटकळत ठेवत नाही, आणि आत घेतलेली १०० कामं तरी नीट पूर्ण होतात. व्यवस्थापनाच्या आदेशांसाठी वेगळी वाट राखून ठेवायची, म्हणजे मदतच दाराबाहेर अडकत नाही.

नकार मिळालेल्यानेही शहाणपणाने वागायला हवं. पहिल्या अपयशानंतर सेकंदाचा दशांश, मग त्याच्या दुप्पट, मग चौपट असं थांबत जायचं. त्यातही नेमकं तेवढंच न थांबता शून्य ते त्या मर्यादेमधला कुठलाही यादृच्छिक वेळ निवडायचा. नाहीतर एकाच क्षणी अपयश आलेले हजार जण पुन्हा एकाच क्षणी दार ठोठावतात. तरीही हे थांबणं पुरत नाही. नवे ग्राहक येतच राहिले तर आधीच्यांचे फेरप्रयत्न थोडे उशिरा का होईना, पण तेवढेच येऊन पडतात. एकूण आकडा कमी व्हायचा तर त्याला अंदाजपत्रक लागतं. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एक नियम सांगितला आहे: सेवेच्या एकूण विनंत्यांत फेरप्रयत्न दहा टक्क्यांपलीकडे गेले की पुढचे बंद. मग सगळं कोसळलं तरी जादा भार दहावा हिस्साच राहतो, तिप्पट किंवा सत्तावीसपट होत नाही.

पैशाच्या व्यवहारात आणखी एक पेच असतो. उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही. खात्यातून रक्कम वळती झालेली असेल आणि फक्त पोचपावती हरवली असेल. म्हणून प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक खूणक्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला तर सेवा रक्कम दुसऱ्यांदा न कापता आधीचाच निकाल परत देते. ही सोय नसेल तिथे आपोआप फेरप्रयत्न करूच नये.

त्या घटनेनंतर ॲमेझॉनने यादी देणाऱ्या सेवेची क्षमता बरीच वाढवली, सर्व्हरांनी यादी मागण्याचा वेग कमी केला, उत्तरासाठीची मुदत लांबवली, याद्यांच्या लांबीवर नजर ठेवायला सुरुवात केली आणि ती एकच सेवा सगळ्यांना पुरवण्याऐवजी तिचे अनेक स्वतंत्र तुकडे करायचं ठरवलं. मूळ बिघाड संपल्यावरही स्वतःच्याच भाराने टिकून राहणाऱ्या अशा पडझडीला २०२१ मधल्या एका शोधनिबंधात ‘मेटास्टेबल’ असं नावही मिळालं आहे.

हा रोग ओळखायची खूण दोन आकड्यांच्या तुलनेत सापडते: बाहेरून ग्राहकांच्या किती विनंत्या आल्या आणि आत डेटाबेसपर्यंत किती प्रश्न पोहोचले. ग्राहक तेवढेच असताना आतला आकडा चढत असेल, तर ती वाढ फेरप्रयत्नांची आहे. अशा वेळी नवे सर्व्हर जोडण्याआधी दार थोडं लोटून घ्यावं लागतं. मात्र कुणासाठी लोटायचं, ते यंत्र ठरवू शकत नाही. पैसे भरत असलेल्याला आधी आत घ्यायचं की नुसता माल न्याहाळणाऱ्याला, याचा क्रम शांततेच्या दिवशी माणसांनी बसून लिहून ठेवावा लागतो. तो लिहिलेला नसेल तर गर्दीत जो आधी घुसेल त्याचं काम होतं, आणि तो बहुतेक वेळा कुणाचा तरी फेरप्रयत्नच असतो.